तास सुरू करायला शांतता लागत नाही

परवा एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. माझ्या विद्यार्थिनी आता पन्नाशीकडे झुकल्या आहेत, कुणाकुणाला तर नातवंडंसुद्धा झाली आहेत, पण फोनवर "बाई..." म्हटलं की मला अजून दोन वेण्याच दिसतात!

इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "बाई, माझ्या मैत्रिणीचा नवरा गेला. तीन महिने झाले. मी अजून भेटायला गेले नाही."

"भांडण झालं होतं का?"

"नाही हो. जिवलग मैत्रीण आहे. पण तिथे जाऊन काय बोलायचं या विचारानेच पोटात गोळा येतो. दोनदा रिक्षात बसून परत आले. मन जरा स्थिर झालं की जाईन."

मन स्थिर झालं की! हे वाक्य ऐकलं आणि मी गप्पच झाले. कारण हे वाक्य तिला कुणी शिकवलं ते मला आठवलं. मीच!

ही मुलगी सातवीत असताना वक्तृत्व स्पर्धेला उभी राहायची होती. भाषण तोंडपाठ होतं, आवाज चांगला होता. आदल्या दिवशी रडत आली, "बाई, खूप भीती वाटतेय." मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "राहू दे गं. भीती गेली की पुढच्या वर्षी भाग घे." केवढी माया दाखवली, असं मला तेव्हा वाटलं होतं. पुढच्या वर्षी भीती गेली नव्हती. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. दहावी होऊन शाळा सोडेपर्यंत ती व्यासपीठावर चढली नाही.

आज मला त्या वाक्याबद्दलच लिहायचं आहे. "आधी मन शांत होऊ दे, मग कर." आपल्याकडे हा सल्ला वडीलधारी माणसं देतात, शेजारीपाजारी देतात, शिक्षक तर देतातच. तो चुकीचा आहे, असं माझं आता ठाम मत झालं आहे. हे मत पुस्तकातून आलेलं नाही. त्याची किंमत मी मोजली आहे, आणि ती जरा जास्तच होती.

अकरा महिने

माझी ताई वाईला राहायची. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे माझी वेणीफणी, शाळेचा डबा, पहिलं लुगडं नेसवणं, सगळं ताईनेच केलेलं. मी पुण्यात, ती वाईत. स्वारगेटहून एसटीत बसायचं आणि अडीच तासांत उतरायचं, इतकंच अंतर.

डिसेंबर 2022 मध्ये मी तिच्याकडे निघाले होते. खंबाटकी घाटात गाड्या तुंबल्या. पुढे ट्रक, मागे ट्रक, बस जागची हलेना. आणि एकाएकी माझी छाती धडधडू लागली. हात गार पडले, श्वास पुरेना, कानात घूं घूं आवाज. मला वाटलं, संपलं! हा हार्ट अटॅकच. शेजारच्या बाईने पाणी पाजलं, कंडक्टरने वारा घातला. पाऊण तासाने बस घाट चढून गेली तेव्हा मी गलितगात्र झाले होते.

पुण्यात परत आल्यावर सगळ्या तपासण्या झाल्या. ईसीजी, टू-डी एको, थायरॉइड, हिमोग्लोबिन. सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, "हा पॅनिक अटॅक होता. हृदय उत्तम आहे."

हृदय उत्तम होतं, पण मी एसटीचा धसका घेतला तो घेतलाच. मुलगा म्हणाला, गाडीने नेतो. पण गाडी असली तरी घाट तोच ना! मी नाही म्हटलं. मनात हिशेब अगदी सोपा होता. थोडी विश्रांती घ्यावी, प्राणायाम करावा, मन पूर्ववत झालं की जावं.

फेब्रुवारी 2023 मध्ये ताई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि तिचं जग पलंगापुरतं उरलं. रोज फोनवर विचारायची, "तू कधी येतेस?" मी म्हणायची, "बरं वाटलं की येते हं." मार्च गेला, पावसाळा गेला, दिवाळी गेली. मला काही बरं वाटेना. उलट आधी फक्त घाटाची भीती होती, ती वाढून स्वारगेटचं नाव काढलं तरी तळहातांना घाम येऊ लागला. आणि इकडे ताईची आठवण विरत चालली होती. एकदा फोनवर तिने मला आईच्या नावाने हाक मारली.

असे अकरा महिने गेले.

विश्रांतीने भीती का वाढली?

त्या हाकेनंतर मी एका समुपदेशक बाईंकडे गेले. वयाने माझ्या मुलीसारख्या. पहिल्याच भेटीत मी माझी मागणी मांडली, "माझी भीती तेवढी घालवून द्या, बाकी माझं मी बघते."

त्या म्हणाल्या, "समजा उद्या सकाळी भीती पूर्ण गेली. मग काय कराल?"

"वाईला जाईन."

"वाईला जाऊन काय कराल?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती! विचार करून म्हटलं, "ताईचे केस विंचरीन. तिला आता स्वतःला जमत नाही. नर्स कसेतरी बांधून टाकते."

"म्हणजे एसटीचा प्रवास हा काही तुमचा विषय नाहीच. तुम्हाला ताईचे केस विंचरायचे आहेत."

मग त्यांनी मला कागदावर दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहायला लावल्या. एक, वाईला पोचणं. हे झालं उद्दिष्ट. पोचलं की संपलं, नाही पोचलं तर राहिलं. दुसरी, ताईने मला जसं सांभाळलं तसं तिच्या पडत्या काळात तिच्याजवळ असणं. हे झालं मूल्य. ते कधी "पूर्ण" होत नाही. दिशा जशी असते तसं ते असतं. पूर्वेकडे कितीही चाललं तरी पूर्व संपत नाही. पण एक पाऊल टाकलं तरी आपण पूर्वेला चाललो आहोत, हे मात्र खरं असतं.

नंतर त्यांनी मला अकरा महिन्यांचं गणित समजावून सांगितलं. मी बेत करायची, भीती वाढायची, मी बेत रद्द करायची, आणि रद्द केल्याक्षणी केवढं हायसं वाटायचं! ते हायसं वाटणं हेच बक्षीस. प्रत्येक वेळी मनाला शिकवण मिळत होती की "न गेल्यामुळे वाचलो." वर्गात एखादं पोर रडलं की त्याला घरी सोडलं, तर ते दुसऱ्या दिवशी अधिक जोराने रडतं. मी माझ्या मनाला अकरा महिने रोज घरी सोडत होते. शिवाय घाटात बसून राहिलं तर भीतीचं पुढे काय होतं, हे बघण्याची संधीच मी मनाला दिली नव्हती. पॅनिकची लाट बहुधा दहा-एक मिनिटांत शिगेला पोचते आणि मग ओसरू लागते. पण लाट ओसरताना पाहायची तर किनाऱ्यावर उभं राहायला हवं ना!

मी म्हटलं, "पण एवढी भीती असताना जायचं कसं?"

"भीतीसकट," त्या म्हणाल्या.

खरं सांगायचं तर मला रागच आला. घरी येताना मात्र मला माझी स्वतःचीच गोष्ट आठवली. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी वर्गात गेले की म्हणायची, "अगदी शांत बसा, मगच मी शिकवायला सुरुवात करीन." साठ मुलं! कुणी खोकायचं, कुणाची पट्टी पडायची, मागच्या बाकावर खुसखुस चालायची. पस्तीस मिनिटांच्या तासातली वीस मिनिटं शांततेची वाट बघण्यात जायची. आमच्या मुख्याध्यापिका एकदा दारातून बघून गेल्या आणि नंतर म्हणाल्या, "तुम्ही त्या गडबडीतच धडा सुरू करा." मी केला. गडबड कधी थांबली, कधी नाही थांबली. पण धडा झाला! पुढे चौतीस वर्षं मी तशीच शिकवत आले. आणि स्वतःच्या मनाच्या वर्गात मात्र छडी घेऊन शांततेची वाट बघत उभी राहिले.

हे नवं नाही

मला वाटलं होतं, हे आजकालचं काहीतरी फॅड असेल. पण वाचू लागले तेव्हा कळलं, शंभर वर्षांपूर्वी जपानमध्ये शोमा मोरिता (1874-1938) नावाचे एक मनोविकारतज्ज्ञ हेच सांगत होते. मोरितांना स्वतःला तरुणपणी अशाच तक्रारी होत्या. छातीत धडधड, आजाराची सतत चिंता. वैद्यकीय शिक्षण चालू असताना औषधोपचारही चालू होते. त्यातच घरून पैसे आले नाहीत, वडिलांनी मुद्दामच पाठवले नाहीत असं त्यांना वाटलं. रागाच्या भरात त्यांनी ठरवलं, मेलो तरी बेहत्तर. औषधं सोडली आणि झपाटून परीक्षेचा अभ्यास केला. परीक्षेत यश मिळालं, आणि त्या धांदलीत तक्रारीही मागे पडल्या. (औषधं सोडण्याचा भाग अजिबात गिरवू नका, मंडळी! त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.)

पुढे त्यांनी जी उपचारपद्धती बसवली तिचं सूत्र असं की, भावना हवामानासारख्या असतात, आपल्या हुकमाने येत-जात नाहीत. त्यांना आहेत तशा असू द्यावं आणि समोरचं काम करावं. "जसं आहे तसं" याला जपानी शब्द आहे "अरुगमामा". त्यांच्याकडचे रुग्ण आधी काही दिवस नुसते पडून राहत, मग हलकी कामं करत, मग अंगमेहनतीची कामं, आणि मग आपल्या रोजच्या आयुष्यात परतत. रोज डायरी लिहायची आणि डॉक्टरांना दाखवायची, हेही असे. मास्तरीण असल्यामुळे हा भाग मला विशेष आवडला!

अमेरिकेतले स्टीव्हन हेज हे मानसशास्त्राचे प्राध्यापक. 1978 मध्ये विभागाच्या एका बैठकीत त्यांना बोलायचं होतं, आणि तोंडातून शब्दच फुटेना. तो त्यांचा पहिला पॅनिक अटॅक. हे त्यांनी स्वतःच जगजाहीर सांगितलेलं आहे. मानसशास्त्राच्याच प्राध्यापकाची ही गत! भीतीशी झुंजता झुंजता ती वाढतच गेली, तेव्हा त्यांनी झुंजणं सोडून वेगळी वाट धरली. त्यातून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी पद्धत घडवली, तिचं नाव अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी. 1999 मध्ये त्यावरचं त्यांचं पहिलं मोठं पुस्तक आलं. आमच्या समुपदेशक बाई याच पद्धतीने काम करत होत्या.

वहीतले तीन रकाने

आता प्रत्यक्षात काय केलं ते सांगते, कारण नुसतं "भीतीसकट जा" म्हणणं म्हणजे न पोहणाऱ्याला विहिरीत ढकलणं झालं.

मी एक शंभर पानी वही केली. त्यात तीन रकाने. पहिला, "काय होईल असं वाटतंय". दुसरा, "काय झालं". तिसरा, "मी काय केलं". चौथा रकाना "किती शांत वाटलं" असा मी आखायला घेतला होता, तो बाईंनी खोडायला लावला. आपलं मोजमाप तिथे करायचंच नाही!

पहिला दिवस: स्वारगेटच्या स्थानकावर अर्धा तास नुसतं बसायचं. अंदाज लिहिला, "चक्कर येऊन पडेन." झालं असं की धडधड झाली, घाम आला, पडले नाही. असं चार वेळा केलं. मग स्वारगेट ते कात्रज सिटी बस, जाऊन-येऊन. मग एसटीने शिरवळपर्यंत. शिरवळ खंबाटकीच्या अलीकडे, त्यामुळे घाट लागत नाही.

शिरवळच्या फेरीत माझी एक चूक झाली. डॉक्टरांनी "अगदीच लागली तर" म्हणून दिलेली एक गोळी पर्समध्ये होती. सबंध रस्ताभर मी पर्समध्ये हात घालून ती पट्टी चाचपत होते, तोंडाने श्वास मोजत होते आणि दर दहा मिनिटांनी सुनेला फोन करत होते. घरी आले, पण मनाने काय शिकावं? "गोळी होती, फोन होता, म्हणून वाचलीस." भीती जिथली तिथे. बाई म्हणाल्या, हे तर प्रवासातल्या प्रवासातच पळून जाणं झालं. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, खुशाल घरी ठेवा. दुसऱ्या खेपेला गोळी घरी, फोन बंद, श्वासावर लक्ष नाही. त्या खेपेला भीती पहिल्यापेक्षा जास्त वाटली! पण वहीत दुसऱ्या रकान्यात लिहिलं, "काही झालं नाही. परतीला शिरवळला भुईमुगाच्या शेंगा घेतल्या." ती फेरी मात्र कामी आली.

जानेवारी 2024 मध्ये मी वाईच्या बसमध्ये बसले. पर्समध्ये गोळी नव्हती, कंगवा होता.

खंबाटकीत बस मंदावली, थांबली. आणि आलीच ती! छाती, हात, कान, सगळं तसंच. मन ओरडत होतं, "उतर, उतर." मला शिकवलं होतं तसं मी मनात नोंद केली, "छाती धडधडतेय. हात गार आहेत. उतर असा विचार येतोय." वर्गात हजेरी घेतात ना, तशी. हजर आहेस? बरं, बस. त्यांना घालवण्यासाठी काही केलं नाही. शेजारच्या बाईच्या पाटीत कोथिंबिरीच्या जुड्या होत्या. तिला भाव विचारला. आवाज कापत होता, तरी विचारला. लाट थोड्या वेळाने ओसरली. सुरूर फाट्याजवळ पुन्हा चढली. तशातच वाई आली.

ताई खूप वाळली होती. मला ओळखलं तिने. मी तिच्यामागे बसले आणि केस सोडले. अजून माझे हात थरथरत होते.

"हात का गं कापतोय?" तिने विचारलं.

"प्रवासाची भीती वाटते गं मला."

"मग आलीस कशाला?"

"केस विंचरायला," मी म्हटलं.

ती हसली आणि मान मागे टाकली.

पुढे काय झालं

इथे गोष्ट संपवली तर ती बोधकथेसारखी गोड होईल. पण तसं झालं नाही. दुसरी खेप बरी गेली, आणि तिसरी पहिलीपेक्षा वाईट. तिसऱ्या खेपेला मला वाटलं, सगळं वाया गेलं. पण वही उघडली तेव्हा तिसऱ्या रकान्यात तिन्ही वेळा एकच वाक्य होतं, "केस विंचरले." सातव्या-आठव्या खेपेपासून भीती बरीच उतरली. पूर्ण कधीच गेली नाही. आजही घाटात बस थांबली की तळवे ओले होतात.

तेरा महिन्यांत मी चौदा खेपा केल्या. शेवटच्या चार-पाच खेपांत ताई मला ओळखत नव्हती. पण केसांत कंगवा फिरू लागला की मान मागे टाकायची. फेब्रुवारी 2025 मध्ये ती गेली.

चौदा खेपा माझ्या पदरात आहेत. पण ते अकरा महिने, जेव्हा ती मला ओळखत होती, गप्पा मारू शकत होती आणि रोज विचारत होती "कधी येतेस", ते मी मन शांत व्हायची वाट बघण्यात घालवले. ते काही परत मिळायचे नाहीत. म्हणून मला या सल्ल्याचा राग आहे. भीती निदान समोरून येते. "शांत झालं की कर" हे वाक्य मायेचा पदर घेऊन येतं.

कुठे चुकतं

दोन-तीन ठिकाणी फसगत होते, ती सांगते, कारण मी स्वतः फसले आहे.

एक म्हणजे, "मी भीती स्वीकारली, आता ती जायला हवी" असं मनात येतं. हा स्वीकार नाही, ही जुनीच झुंज नव्या कपड्यात. ओळखायचं कसं? स्वतःला विचारायचं, "भीती जशीच्या तशी राहिली तरी आज गेले असते का?" उत्तर "हो" असेल तर ठीक. "छे, मग काय उपयोग" असं येत असेल तर आपण अजून शांततेचीच वाट बघतो आहोत.

दुसरं, मूल्याच्या नावाखाली "लोक काय म्हणतील" घुसतं. मी कित्येक लग्नाकार्यांना अशीच कापत कापत गेले आणि नुसती दमून आले. तिथे जाण्यात माझं असं काही नव्हतंच. याची परीक्षा सोपी आहे. गेले हे कुणालाच कधी कळणार नसेल, तरी जाईन का? ताईकडे गेले असते. त्या लग्नांना? मुळीच नाही! मग तिथे न जाणं हा पळपुटेपणा नाही.

तिसरं, आणि हे महत्त्वाचं. छातीत धडधड किंवा दुखणं पहिल्यांदा झालं, तर आधी डॉक्टर. "बाईंनी लिहिलंय भीतीसकट जा" म्हणून कुणी दुखणं अंगावर काढू नका. माझ्या तपासण्या नीट झाल्या होत्या म्हणूनच घाटात मी ठामपणे बसू शकले. तसंच प्रत्येक भीती खोटी नसते. घरात मारहाण करणाऱ्या माणसाची भीती वाटते, ती खरी सूचना असते. तिचं ऐकायचं असतं. आणि ज्याला अंथरुणातून उठवत नाही, जगणंच नकोसं वाटतं, त्याला आधी उपचार हवेत, माझा लेख नको. मीसुद्धा काही महिने गोळ्या घेतल्या. त्या सुरू डॉक्टरांनी केल्या आणि कमी करत करत बंदही त्यांनीच केल्या. गोळी घेणं आणि पाऊल टाकणं यांत वैर नाही. भीती फार जुनी आणि खोल असेल तर माझ्यासारखं कुणा जाणकाराचं बोट धरून जावं, एकट्याने शौर्य दाखवू नये.

असो.

त्या दिवशी फोनवर मी माझ्या विद्यार्थिनीची माफी मागितली. तिला काही कळेना. वक्तृत्व स्पर्धा ती विसरूनही गेली होती. (की तसं म्हणाली, कोण जाणे.) मग मी तिला माझ्या समुपदेशक बाईंचा प्रश्न विचारला, "भीती नसती तर तिथे जाऊन काय केलं असतंस?"

बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "काही नाही. तिच्या स्वयंपाकघरात जाऊन दोघींचा चहा केला असता. आम्ही कॉलेजात असताना नेहमी मीच करायची."

"मग काय बोलायचं हा प्रश्नच कुठे येतो? आधी चहाचं बघ," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी नुसती त्यांच्या गल्लीपर्यंत जाऊन आलीस तरी चालेल. पण रिक्षातून उतर. आणि पोटात गोळा येईल, तो घेऊनच जा."

शुक्रवारी जायचं ठरवलंय तिने. मन स्थिर झालेलं नाही, असं आत्ताच तिने कळवलं आहे. मी लिहिलं, "ठीक आहे. आलं घालून कर."